पैठणीला उशीर होणार आहे, हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं

येवल्यात आता कितीतरी घरांत माग घरचा आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर, असं चालतं. वडील किंवा भाऊ मागावर बसतात आणि घरातली एखादी मुलगी, सून किंवा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा फोन सांभाळतो. हा लेख त्या फोन सांभाळणाऱ्यांसाठी आहे. विणकाम तुम्हाला माहीत आहे. अवघड पडतं ते, पुण्या-ठाण्याच्या गिऱ्हाइकाला "तुमची साडी ठरलेल्या तारखेला होणार नाही" हे सांगणं. मीही तिथूनच सुरुवात केली आणि पहिली दोन वर्षं हे काम फार वाईट केलं. त्यातून जी पद्धत हाती आली, ती एका खऱ्या ऑर्डरच्या हिशोबासकट मांडते.

ती ऑर्डर अशी होती. कोथरूडच्या एका काकूंनी मुलीच्या लग्नासाठी जांभळ्या रंगाची पैठणी सांगितली. अंगात छोटे बुट्टे, पदर २४ इंचांचा, त्यात बांगडी मोर. मी तारीख दिली होती २० नोव्हेंबर. लग्न १२ डिसेंबरला. मधे माग सहा दिवस बंद राहिला आणि १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाहिलं तर पदर जेमतेम सुरू झालेला.

आधी टेप, मग फोन

उशीर होतोय असं वाटलं की पहिला हात फोनकडे जातो. तिथे थांबा. हातात नवी तारीख नसताना केलेला फोन म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नुसती काळजी ठेवणं. काकू विचारणारच, "मग कधी?" आणि तुमच्या तोंडून "चार-पाच दिवस" असं काहीतरी निघून जाणार. ते चार-पाच दिवस कुठून आले, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

म्हणून आधी टेप घेऊन मागाशी जा. किती इंच विणून झालं आणि किती राहिलं, ते मोजा. विणणाऱ्याला "कधी होईल?" असं विचारू नका, तो तुम्हाला बरं वाटेल असंच सांगतो. "गेल्या चार दिवसांत रोज किती झालं?" असं विचारा, कारण त्याचं उत्तर कापडावर दिसतं.

इथेच नवख्यांची सगळ्यात मोठी चूक होते आणि माझीही तीच झाली होती. अंग आणि पदर यांचा वेग मी एकच धरला होता. आमच्या मागावर छोट्या बुट्ट्यांचं अंग दिवसाला नऊ-दहा इंच जातं. पदरात मोर आला की प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हाताने आत-बाहेर करावी लागते, शेजारच्या रंगात अडकवावी लागते आणि दिवसभर बसूनही दीड-दोन इंचच पुढे सरकतं. म्हणजे साडी लांबीने नऊ दशांश झालेली दिसते, पण कामाने अजून बरीच बाकी असते. "झालीच आहे, फक्त पदर राहिलाय" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, त्या घराची तारीख हमखास चुकते.

काकूंच्या साडीचं माप असं निघालं: पदर २४ इंच, झालेला ७, राहिलेला १७. गेल्या चार दिवसांची नोंद २, दीड, २, दीड इंच. सरासरी पावणेदोन. सतराला पावणेदोनने भागलं तर जवळजवळ दहा दिवस येतात. पण गिऱ्हाइकाला द्यायची तारीख मी सरासरीवर काढत नाही. चार दिवसांतला जो सगळ्यात कमी वेग, तो धरते. दीड इंचाने सतरा इंचाला बारा दिवस लागतात. सरासरीवर दिलेली तारीख दोनातून एकदा तरी चुकणारच, आणि एकदा पुढे ढकललेली तारीख पुन्हा चुकलेली गिऱ्हाईक सहसा विसरत नाही.

मग कॅलेंडर उघडा आणि बोटाने दिवस मोजा, मनात मोजू नका. आमचा माग मंगळवारी बंद असतो. १५ नोव्हेंबरपासून मोजलं, १८ आणि २५ हे दोन मंगळवार वगळले, तर बारावा कामाचा दिवस २८ नोव्हेंबरला येतो. त्या संध्याकाळी साडी मागावरून उतरणार. २९ ला उलट्या बाजूचे सुटे धागे कापणं, उजेडात धरून तपासणी, घडी. ३० ला रविवार, म्हणून कुरिअर १ डिसेंबरला निघणार. पुण्याला दोन दिवस धरले तर ३ डिसेंबर, आणि एक दिवस हाताशी ठेवून ४ डिसेंबर. ही झाली माझी तारीख. २० नोव्हेंबरच्या जागी ४ डिसेंबर, म्हणजे सरळ दोन आठवडे उशीर. आकडा पाहून पोटात गोळा आला, हे खरं आहे. तो कमी करायचा मोहही झाला. "३० पर्यंत" म्हटलं असतं तर तो फोन सोपा गेला असता, पण ३० ला मला दुसरा फोन करावा लागला असता.

कुणी म्हणेल, दुसरा विणकर बसवून वेग वाढवा. अंगात कदाचित ते चालून जातं. पदरात नाही. प्रत्येकाचा ठोक वेगळा असतो, हात बदलला की विणीची घट्टी बदलते आणि उजेडात धरल्यावर जोड दिसतो. शब्द पाळायला साडी बिघडवायची नाही.

तुमची तारीख त्यांच्या तारखेशी लावून बघा

गिऱ्हाइकाची खरी तारीख साडी पोचण्याची नसते, नेसण्याची असते. आणि नेसण्याआधी दोन कामं असतात. फॉल-पिकोला एक-दोन दिवस, ब्लाऊज शिवायला लग्नसराईत पाच-सहा दिवस सहज. १२ डिसेंबरच्या लग्नाला साडी ४ तारखेला पोचली तर कागदावर सगळं बसतं, पण शिवणाऱ्या बाईंनी एक दिवस उशीर केला किंवा ब्लाऊज अंगाला नीट बसला नाही तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. म्हणजे ४ डिसेंबर ही माझ्या हिशोबाने खरी तारीख होती, पण काकूंच्या हिशोबाने धोक्याची होती. हे त्यांनी दाखवून देण्याआधी मला दिसायला हवं होतं.

म्हणून ऑर्डर घेतानाच दोन गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा: साडी कधी नेसणार आणि कशाला नेसणार. साखरपुड्याला, सीमांतपूजनाला की बोहल्यावर? "लग्नासाठी हवी" एवढ्याने काही कळत नाही. सीमांतपूजन बऱ्याचदा आदल्या दिवशी असतं, साखरपुडा काही घरांत महिनाभर आधी होतो. माझ्या वहीत "१२ डिसेंबर, लग्न, मुलगी नेसणार" असं होतं, त्यामुळे निदान उलट मोजता आलं.

तारीख अशी घट्ट बसली की तिच्यासोबत पर्याय तयार ठेवा. फार नकोत, दोन-तीन पुरेत. फक्त तुम्ही खरोखर देऊ शकाल तेच ठेवा. मी तीन काढले. एक, कुरिअरची वाट न बघता ३० तारखेच्या रविवारी मी स्वतः साडी पुण्याला नेऊन देणार, म्हणजे चार दिवस वाचतात. दोन, घरात तयार असलेल्या दोन जांभळ्या पैठण्यांचे फोटो पाठवणार, त्यातली एखादी आवडली तर लगेच, आणि किमतीतला फरक परत. तीन, ऑर्डर रद्द, आगाऊ घेतलेली पूर्ण रक्कम दुसऱ्या दिवशी परत. तिसरा पर्याय सांगताना घशात अडकतो. मागावर २३१ इंच विणलेलं कापड असतं आणि त्यातलं रेशीम आणि जर, दोन्ही तुमच्या पैशाचं असतं. तरीही सांगा. तारीख तुम्ही चुकवलीत, तर बाहेर पडायचं दार गिऱ्हाइकाला उघडं असायला हवं. दार उघडं दिसलं की बहुतेक लोक थांबतात, असा माझा अनुभव आहे, पण त्यासाठी सांगू नका. कुणी पैसे मागितले तर खरंच द्यावे लागतात, हे धरूनच सांगा.

दुसऱ्याचं नाव का घ्यायचं नाही

पूर्वी मी पाठवायचे तो निरोप साधारण असा असायचा:

"सॉरी काकू, विणकर आजारी पडले आणि जर पण सुरतहून उशिरा आली, त्यात दिवाळी. दोन-चार दिवसांत नक्की पाठवते 🙏"

यातला शब्द न् शब्द खरा असेलही. तरी हा निरोप वाईट आहे, आणि कारण फक्त शिष्टाचाराचं नाही. "विणकर आजारी" वाचल्यावर काकूंच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मग ते बरे कधी होणार?" त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. "जर उशिरा आली" वाचल्यावर येतो, "पुन्हा उशिरा आली तर?" त्याचंही नाही. दोष दुसऱ्यावर टाकला की गाडीचं चाकही त्याच्याच हातात गेलं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तुमच्या शब्दाला मग किंमत काय राहिली? याउलट "सतरा इंच राहिलंय, दिवसाला दीड इंच होतं" यातून तारीख आपोआप निघते आणि ती पाळणं तुमच्या हातात आहे, हेही कळतं.

दुसरं कारण मला फार जवळचं आहे. काकूंनी व्यवहार माझ्याशी केला. विणणाऱ्या दादांना त्या ओळखतही नाहीत. दादांना ताप आला, हा काही त्यांचा गुन्हा नाही. एका हातावर, एकही दिवस हाताशी न ठेवता तारीख मी दिली होती. येवल्याला गिऱ्हाईक येतं, माग बघायला बसतं, फोटो काढतं. "तुमच्यामुळे आमची साडी रखडली होती ना?" असं दादांना त्यांच्याच मागावर ऐकावं लागावं, हे मला सहन होणार नाही.

मात्र कारण लपवायचंही नाही. कारण सांगणं वेगळं आणि बोट दाखवणं वेगळं. "मधे सहा दिवस माग बंद राहिला, आणि पदराच्या कामाचा माझा अंदाज कमी पडला" हे पूर्ण खरं आहे आणि त्यात कुणाचं नाव नाही. ओळखायची खूण सोपी आहे: तुमचं वाक्य ज्या माणसाबद्दल आहे, तो शेजारी उभा राहून ऐकत असता तर तुम्ही ते तसंच म्हटलं असतं का? पावसाने रस्ता बंद झाला असेल तर तसं जरूर सांगा, पण एका वाक्यात, आणि लगेच तारखेवर या. कारण जितकं लांबतं तितका त्याला बहाण्याचा वास येऊ लागतो.

फोन आणि मग लेखी निरोप

लग्नाची साडी असेल तर आधी फोनच करा. नुसता मेसेज पाठवला की समोरच्याला वाटतं, बोलायला टाळतेय. ठरलेल्या तारखेच्या जितकं आधी तितकं बरं. मला हे १४ नोव्हेंबरला कळलं, त्याच रात्री फोन केला. खरं तर सहा दिवस माग बंद होता तेव्हाच करायला हवा होता.

वेळ विचारून सुरुवात करा आणि पहिल्या दोन वाक्यांत उशीर आणि नवी तारीख दोन्ही सांगून टाका. हवापाण्याच्या गप्पा आधी नकोत. मी म्हटलं, "काकू, पाच मिनिटं बोलता येईल का? तुमची साडी २० तारखेला होणार नाही. ती ४ डिसेंबरला तुमच्या घरी पोचेल." आणि गप्प बसले. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण असतं. त्या शांततेत आपण घाबरून काहीबाही बोलतो, कारणं देतो आणि घाबरलो की तारीखही आपोआप कमी करतो. काकू काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाला एकच उत्तर चालतं, जे खरं आहे ते. मी म्हटलं, "आठवड्यापूर्वी माग बंद होता तेव्हाच सांगायला हवं होतं. भरून निघेल असं मला वाटलं, ते चुकलं." त्यांचा आवाज चढला. मी मधे बोलले नाही. मग पर्याय सांगितले. त्यांनी घरी विचारून सकाळी सांगते म्हटलं. अशा वेळी "आत्ताच सांगा" म्हणून मागे लागू नका.

फोन झाला की दहा मिनिटांत लेखी निरोप पाठवा. फोनवर ऐकलेली तारीख घरात तीन माणसांपर्यंत पोचेपर्यंत बदलते. मी पाठवला तो असा होता:

"काकू, नमस्कार. आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे लिहून पाठवते. तुमची जांभळी पैठणी २० नोव्हेंबरला देईन असं मी सांगितलं होतं, ती त्या तारखेला होत नाही. माग मधे सहा दिवस बंद होता आणि मोराच्या पदराला लागणारा वेळ मी कमी धरला. ही चूक माझी आहे, त्याबद्दल माफी मागते.
पदर २४ इंचांपैकी ७ इंच झाला आहे, फोटो सोबत आहे. साडी २८ नोव्हेंबरला मागावरून उतरेल आणि कुरिअरने ४ डिसेंबरपर्यंत तुमच्या घरी पोचेल.
ब्लाऊजला वेळ कमी पडत असेल तर ३० नोव्हेंबर, रविवारी मी स्वतः आणून देते, त्याचा वेगळा खर्च नाही. किंवा तयार असलेल्या दोन साड्यांचे फोटो पाठवते, त्या बघा. दोन्ही नको असेल तर आगाऊ दिलेली पूर्ण रक्कम उद्याच परत करते.
२२ तारखेला संध्याकाळी पुढचा फोटो पाठवते."

फोटो टेप लावून काढा. नुसता मोराचा सुंदर फोटो पाठवला की गिऱ्हाइकाला तो विषय बदलल्यासारखा वाटतो. टेप दिसली की काम किती झालं ते त्यांचं त्यांना मोजता येतं. आणि माफी एकदाच. प्रत्येक वाक्यात "सॉरी" आलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

त्यानंतरचे दिवस

तारीख दिल्यावर आपण सुटलो असं वाटतं, तिथेच दुसरी तारीख चुकते. त्याच दिवशी एक मधली खूण ठरवून ठेवा. माझी खूण होती २२ नोव्हेंबर. १५ पासून २२ पर्यंत, मंगळवार वगळून, सात दिवस होतात. दीड इंचाने साडेदहा इंच, म्हणजे पदर साडेसतरा इंचांवर असायला हवा. तो सतराच्या खाली असता तर ४ डिसेंबर धोक्यात होती, आणि मला २२ लाच पुन्हा फोन करावा लागला असता. माप अठराच्या थोडं वर आलं. फोटो पाठवला, खाली एकच ओळ लिहिली, "तारीख तीच आहे."

काम वेगाने चाललंय असं दिसलं, तरी "कदाचित दोन दिवस आधीच होईल" असं सांगायला जाऊ नका. ऐकणारा "कदाचित" सोडून देतो आणि आधीची तारीख धरून शिवणाऱ्या बाईंशी बोलून ठेवतो. साडी मागावरून उतरून हातात आली, की मगच सांगा.

दुसऱ्यांदा तारीख चुकणार असं दिसलंच, तर मात्र नवी कहाणी नको. माप, नवी तारीख आणि पैसे परत करण्याची तयारी, एवढंच सांगा, आणि निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोडा. कुरिअरमध्ये साडी अडकली तरी हेच. कुरिअर तुम्ही निवडलं आहे, त्यामुळे "ते लोक फोनच उचलत नाहीत" हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. पार्सल शेवटचं कुठे दिसतंय आणि तुम्ही पुन्हा किती वाजता फोन करणार, ते सांगा. आणि त्या वेळी काही कळलेलं नसलं तरी फोन करा.

काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला साडी घेऊन यायला सांगितलं. साडी २७ ला संध्याकाळी मागावरून उतरली, दिलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी. २८ ला धागे कापून, तपासून झाल्यावर त्यांना कळवलं आणि विचारलं, रविवारऐवजी शनिवारी आणू का. त्या म्हणाल्या, रविवारीच ये, शनिवारी घरी कुणी नाही. पहाटे येवल्याहून निघाले, दुपारी साडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदर उघडून खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि बराच वेळ जोड शोधत राहिल्या. तो नव्हता.

घरी आल्यावर ऑर्डरच्या वहीत मी प्रत्येक पानावर दोन रकाने आखले, एक अंगाच्या दिवसांचा आणि एक पदराच्या दिवसांचा, आणि त्यांच्या खाली हाताशी ठेवायच्या सहा दिवसांची एक ओळ.